अग्निशामकांच्या यादीआधी भिंती आणि जिने वाचा: मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याधिकारी, नगररचना विभागातील अधिकारी आणि आग प्रतिबंधक ना-हरकत देणारे सर्व अधिकारी,

सविनय नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावात मुख्य रस्त्यालगत तळमजला अधिक सहा अशी एक इमारत उभी राहते आहे. तिचा अग्निसुरक्षेचा अहवाल मी तयार केला. तो त्रुटीपत्रासह परत आला. त्यात तीन शेरे होते. अग्निशामकांची मजलानिहाय यादी जोडावी, पाण्याच्या टाक्यांची क्षमता वेगळ्या पानावर द्यावी, आणि ‘कंपार्टमेंटच्या नकाशांचे प्रयोजन व दुसऱ्या जिन्याची आवश्यकता याबाबत खुलासा करावा’. पहिल्या दोन शेऱ्यांची पूर्तता केली आहे. तिसऱ्याचा खुलासा दोन ओळींत होत नाही. शिवाय हा प्रश्न एका फाइलपुरता नाही. विदर्भातल्या तालुक्या-तालुक्यात आता सहा-सात मजले चढू लागले आहेत आणि त्यांचे कागद आपल्याच टेबलांवर येणार आहेत. म्हणून हा खुलासा उघडपणे लिहीत आहे.

आधी इमारत डोळ्यासमोर आणा. पाया 24 मीटर बाय 16 मीटर. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून आठ गाळे, त्यांची उंची 4.2 मीटर. पहिल्या मजल्यावर शिकवणी वर्ग. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत प्रत्येक मजल्यावर चार सदनिका. वरचे सहाही मजले तीन-तीन मीटरचे, म्हणजे गच्चीपर्यंत 22.2 मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेत 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘उंच इमारत’ धरली जाते. त्यामुळे ही इमारत त्या नियमांत येते. मात्र आश्रयस्थानाची, म्हणजे मधल्या मजल्यावर लोकांनी थांबून राहायच्या सुरक्षित जागेची अट 24 मीटरच्या वर सुरू होते. ती या इमारतीला लागत नाही. आग लागली तर सहाव्या मजल्यावरच्या माणसाला थांबायला ठरवून दिलेली जागा नाही. त्याला जिनाच गाठावा लागतो.

मूळ नकाशात हा जिना एकच होता, अगदी मधोमध. त्याच्या तळाशी दुचाक्या लावायची जागा, जिन्याखालच्या भिंतीवर महावितरणच्या मीटरांचा फळा, आणि बाहेर पडायच्या तोंडाशी चॅनल गेट. असा तळ आपण सगळ्यांनी शेकडो इमारतींत पाहिला आहे. म्हणूनच कदाचित तो डोळ्याला खटकत नाही.

आता वेळेचा हिशेब. अहवालाचा पाया तोच आहे. या गावाला स्वतःचा बंब नाही. सर्वांत जवळचा बंब 38 किलोमीटरवर आहे. रस्ता मोकळा असला तरी ताशी 45 किलोमीटरच्या सरासरीने पन्नास मिनिटे लागतात. आग लक्षात येणे, फोन लागणे, बंब निघणे याला दहा मिनिटे धरा. एक तास झाला. आल्यावर पाइप जोडणे, पाणी कुठून घ्यायचे ते पाहणे, यात आणखी वेळ जातो. बंबावरची साधी शिडी तिसऱ्या मजल्याच्या वर पुरत नाही. म्हणजे वरच्या तीन मजल्यांवरची माणसे बाहेरून उतरवता येतील असे गृहीत धरता येत नाही.

त्या तासाभरात इमारतीच्या आत काय काम करणार? पंप विजेवर चालतो. आग मीटरच्या फळ्यावर लागली असेल तर वीज सगळ्यांत आधी जाते. टाकी भरलेली हवी. उन्हाळ्यात इथल्या अनेक गावांत नळ रोज येत नाही आणि गच्चीवरची टाकी लोक घरात वापरून टाकतात. पाइप, पंप, अग्निशामके हवीतच, ती अहवालात आहेत. पण ती चालायला वीज, पाणी आणि धीर धरून ती चालवणारा माणूस लागतो. भिंतीला, स्लॅबला आणि आपोआप बंद होणाऱ्या दाराला यातले काहीच लागत नाही. बंब जितका लांब, तितका भिंतींवरचा भार अधिक. शहरात बंब दहा-पंधरा मिनिटांत येऊ शकतो, तिथे भिंतीची एखादी चूक कदाचित निभावून जाईल. इथे ती निभावणार नाही.

मेळघाटात किंवा ताडोब्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी वनखाते जाळरेषा काढते. ठरावीक पट्ट्यातले गवत आधीच जाळून साफ करतात, म्हणजे वणवा लागला तरी त्या पट्ट्यापाशी त्याला खायला काही उरत नाही. कंपार्टमेंट करणे म्हणजे इमारतीत अशा रेषा बांधकामातच आखून ठेवणे. आग लागणारच नाही असा दावा त्यात नाही. ती ज्या कप्प्यात लागेल त्यातच दोन तास कोंडून राहावी, एवढाच त्याचा अर्थ. हे दोन तास हवेतून घेतलेले नाहीत. एक तास बंब पोचायला आणि दुसरा आग आटोक्यात यायला व माणसे बाहेर काढायला.

अहवालातल्या नकाशांवर जाड लाल रेघा दिसतात त्या याच. पहिली रेघ गाळे आणि वरची इमारत यांच्यामधली, म्हणजे तळमजल्यावरचा संपूर्ण स्लॅब. दुसरी, दोन्ही जिन्यांभोवतीच्या भिंती. तिसरी, मीटरची खोली. चौथी, एका सदनिकेपासून दुसरी वेगळी करणाऱ्या भिंती. जाडीचा प्रश्न सोपा आहे. नऊ इंची वीटभिंत दोन्ही बाजूंनी प्लास्टर केली तर दोन तास आरामात थोपवते. अडचण जाडीपेक्षा सलगपणाची आहे. भिंत स्लॅबच्या तळापर्यंत पोचली आहे की खोट्या छताच्या वर हातभर मोकळी सोडली आहे, हे नकाशात कळत नाही. ते जागेवर मान वर करून पाहावे लागते.

गाळ्यांवरच्या स्लॅबवर अहवालात चार पाने खर्च झाली आहेत, त्याला कारण आहे. आठपैकी दोन गाळे कृषी केंद्रांसाठी बोलले गेले आहेत. आपल्या भागात जूनच्या तोंडावर कृषी केंद्रात काय असते ते आपण जाणता. बियाण्यांची पाकिटे, खताची पोती छतापर्यंत, आणि मागच्या रॅकवर फवारणीच्या औषधांच्या बाटल्या. अनेक द्रवरूप कीटकनाशकांत झायलीनसारखे ज्वालाग्राही द्रावक असतात. जळताना त्यांचा धूर साध्या लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी असतो. या धुराच्या वर वीस कुटुंबे झोपणार आहेत.

भारतीय मानक 456 प्रमाणे दोन तास टिकायचे तर स्लॅब किमान 125 मिलिमीटर जाड हवा. पण अर्धे काम जाडी करते, उरलेले अर्धे कव्हर करते, म्हणजे सळईच्या खाली असलेला काँक्रीटचा थर. सळई 550 अंशांच्या आसपास तापली की तिची ताकद निम्म्याजवळ येते. तिला त्या तापमानापासून दूर ठेवतो तो हा थर. एरवी स्लॅबला 20 मिलिमीटर कव्हर चालते. दोन तासांसाठी सलग स्लॅबला 25 आणि फक्त टेकवलेल्या स्लॅबला 35 मिलिमीटर लागते. फरक पाच ते पंधरा मिलिमीटरचा, आणि तो काँक्रीट पडल्यावर कोणालाही दिसत नाही. सेंट्रिंगवर सळई बांधून झाली की मिस्त्री तिच्याखाली कव्हर ब्लॉक सरकवतो. ब्लॉक संपले की हाताला लागेल तो गिट्टीचा तुकडा किंवा फुटक्या टाइलचा कपचा. मग काँक्रीट ओतताना मजूर सळईवर चालतात, तुकडा निसटतो आणि सळई थेट फळीवर टेकते. अशा जागी कव्हर शून्य. फळ्या काढल्यावर स्लॅबच्या तळाला सळईच्या रेघा उमटलेल्या दिसल्या तर समजावे की इथे दोन तासांचा स्लॅब कागदावरच राहिला. म्हणून अहवालात विनंती आहे की या एका स्लॅबचे काँक्रीट पडण्याआधी आपल्या कार्यालयाच्या अभियंत्याने येऊन कव्हर मोजून पाहावे. पट्टी लावून पाच-सहा ठिकाणी मोजायला अर्धा तासही लागत नाही.

स्लॅब उत्तम झाला तरी त्याला भोके पडतात. कंपार्टमेंट फुटते ते बहुधा इथेच. संडासाचा 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप स्लॅबमधून खाली येतो. आगीत पीव्हीसी काही मिनिटांत वितळून गळून पडतो आणि तेवढ्या व्यासाचे भोक उघडे राहते. त्यावर उपाय आहे फायर कॉलरचा. पाइपाभोवती बसवायची ही पट्टी तापल्यावर फुगते आणि पाइप वितळला तरी भोक बुजवते. गाळ्यांच्या स्लॅबमधून जाणाऱ्या प्रत्येक पाइपाला ती खालच्या बाजूने लावायची, असे अहवालात पाइपांच्या क्रमांकासह दिले आहे.

त्याहून घातक आहे डक्ट. मूळ नकाशात न्हाणीघरांचा एक डक्ट तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सलग उघडा होता. वरच्या वीसही घरांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या त्यात उघडत होत्या आणि खाली गाळ्यांच्या मागच्या शौचालयांचे झरोकेही त्यातच. गाळ्यात आग लागली असती तर धूर याच वाटेने प्रत्येक घरात शिरला असता, जिन्याला हात न लावता. नियमाप्रमाणे हवा खेळती आहे, एवढे पाहून असा डक्ट मंजूर होतो. आम्ही पहिल्या मजल्याच्या पातळीवर त्या डक्टला स्लॅब घातला आणि गाळ्यांचे झरोके मागच्या मोकळ्या जागेत काढले. विजेच्या तारांचा डक्ट वेगळा आहे. तो प्रत्येक मजल्याच्या पातळीवर आगरोधक भरणीने बंद करायचा आहे. तारा ओढणारा माणूस नेहमी इतरांच्या नंतर येतो आणि भोक फोडून निघून जातो. म्हणून भरणीची तपासणी तारा ओढून झाल्यावर करायची आहे, आधी केली तर तिचा उपयोग नाही.

आगीत माणसे बहुतेक वेळा ज्वाळांनी मरत नाहीत, धुराने गुदमरून मरतात. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात आग लागली आणि दहा बाळे गेली. त्यातली बहुतेक धुराने गुदमरली होती. ते रुग्णालय आपल्याच विदर्भातले. तिथले कारण आणि दोष यांवर मी इथे लिहीत नाही. एवढेच सांगतो की धूर कोणत्या वाटेने कुठे पोचतो, हा प्रश्न प्रत्येक मान्यतेच्या फाइलला विचारला जायला हवा.

आता दुसऱ्या जिन्याचा खुलासा. अंतराच्या नियमाने पाहिले तर एक जिनाही चालतो असे वाटते. संहितेप्रमाणे बाहेर पडायच्या वाटेपर्यंतचे अंतर 30 मीटरपर्यंत चालते. 24 बाय 16 च्या इमारतीत मधोमध जिना असला की कुठूनही निघा, 30 मीटर भरतच नाहीत. ही अट अशा इमारतीत आपोआप पूर्ण होते, म्हणून ती पूर्ण झाल्याची खूण फाइलवर असणे पुरेसे नाही. खरा प्रश्न हा की जिन्याच्या तळाशीच आग लागली तर? मीटरचा फळा पेटला आणि शेजारच्या दुचाकीने पेट घेतला, तर पेट्रोल, रबर आणि प्लॅस्टिकचा काळा धूर त्याच मधल्या जिन्यातून वर चढणार. लोकांची उतरायची वाट आणि धुराची चढायची वाट एकच. वरचा माणूस दार उघडतो, समोर अंधार, आणि तो दार बंद करायचे विसरून मागे पळतो. मग धूर घरातही येतो.

म्हणून सुधारित नकाशात मधला जिना काढून इमारतीच्या दोन टोकांना दोन जिने घेतले. दोन्ही बाहेरच्या भिंतीला लागून आहेत, प्रत्येक चौकात बाहेर उघडणारी अर्धा चौरस मीटरची खिडकी आहे आणि दोन्ही तळमजल्यावर कोणत्याही गाळ्यात किंवा बोळात न उतरता थेट उघड्यावर उतरतात. मीटरची खोली जिन्यापासून दूर, नऊ इंची भिंतींची, आणि तिचे दार फक्त बाहेरून उघडणारे. दुचाक्या मागच्या मोकळ्या जागेत. मालकाचा यावर आक्षेप होता आणि तो खोटा नाही. एका जिन्याला प्रत्येक मजल्यावर साधारण 20 चौरस मीटर जागा जाते. सहा मजल्यांची 120 चौरस मीटर, म्हणजे एका मोठ्या सदनिकेहूनही अधिक. हा खर्च मालक करायला तयार झाला. आता मान्यता देणाऱ्या कार्यालयानेच त्याला ‘आवश्यकता काय’ असे विचारले, तर पुढचा मालक तो करणार नाही.

जिन्याची रुंदी शिकवणी वर्गाने ठरवली. संहितेच्या तक्त्यात शाळेसारख्या वापराला माणशी चार चौरस मीटर धरतात. जिने, डक्ट आणि शौचालये वजा जाता पहिल्या मजल्यावर सुमारे 300 चौरस मीटर उरतात, म्हणजे 75 विद्यार्थी. पण इथले शिकवणी वर्ग कसे भरतात ते आपण पाहतोच. पाच खोल्या आणि प्रत्येकीत तीस मुले धरली तर एका वेळी दीडशे. अहवालात आम्ही 75 सोडून 150 धरले. जिन्याला माणशी 10 मिलिमीटर रुंदी लागते, म्हणजे 1500 मिलिमीटर. एक जिना धुराने भरला तरी उरलेल्या एकानेच सगळी मुले उतरली पाहिजेत, म्हणून दोन्ही जिने दीड-दीड मीटरचे. वरच्या घरांचा हिशेब माणशी साडेबारा चौरस मीटरने मजल्याला 24 माणसे इतकाच येतो आणि तो या रुंदीत सहज बसतो.

शिकवणी वर्गात आणखी एक गोष्ट हमखास घडते. ताबा मिळाल्यावर प्लायवूडच्या पार्टिशन टाकून खोल्या वाढवतात. पार्टिशनच्या गर्दीत दुसऱ्या जिन्याचे दार एखाद्या खोलीच्या आत जाते. त्या खोलीला कुलूप असते किंवा दारापुढे फळा आणि कपाट येते. मग कागदावर दोन जिने आणि प्रत्यक्षात एक, शिवाय एका टोकाला बंद बोळ. शैक्षणिक वापरात बंद बोळ सहा मीटरच्या वर चालत नाही, हे मान्यतेच्या वेळी बरोबर असते आणि सहा महिन्यांनी चुकलेले असते. म्हणून पहिल्या मजल्याच्या नकाशावर दोन्ही जिन्यांना जोडणारा दोन मीटरचा बोळ अडवता न येणारी वाट म्हणून आखला आहे. भोगवटा प्रमाणपत्राच्या अटींत तो बोळ, त्याच्या रुंदीसह, शब्दांत लिहावा अशी विनंती आहे. ‘अग्निसुरक्षेचे नियम पाळावेत’ या वाक्यावरून नंतर कोणाला जाब विचारता येत नाही. ‘हा बोळ मोकळा ठेवावा’ यावरून विचारता येतो.

जिन्याची दारे दोन तासांची, बाहेरच्या दिशेने उघडणारी आणि डोअर क्लोजरने आपोआप बंद होणारी आहेत. या दाराचा शत्रू म्हणजे त्याला लावलेली वीट. येता-जाता दार ढकलावे लागते म्हणून कोणीतरी वीट लावून ते उघडे ठेवतो आणि त्या क्षणापासून ते दार नसल्यासारखेच. तपासणीला गेल्यावर दाराच्या खालच्या कडेशी फरशीकडे पाहावे. वीट असेल तर दिसेलच, नसेल तर तिचा ओरखडा दिसेल. मग दार पूर्ण उघडून सोडून द्यावे. ते कडीपर्यंत स्वतःहून बंद झाले पाहिजे. चार बोटांची फट राहत असेल तर क्लोजर सैल झाला आहे.

आपल्या उन्हाळ्याचा विचारही अहवालात आहे, कारण नकाशातला जिना मे महिन्यात तसा राहत नाही. लू आत येते म्हणून चौकातल्या खिडक्यांना पत्रे ठोकतात किंवा पुठ्ठे लावतात, आणि धूर बाहेर जायची वाट बंद होते. चौकात कूलर ठेवतात. त्याने रुंदी जाते आणि त्यातली गवताची जाळी वाळलेली असेल तर ते जळण जिन्यातच आले. दिवाणखान्याच्या बाजूला कूलरसाठी बाहेरून लोखंडी कट्टा काढून दिला तर लोक जिन्यात कूलर ठेवणार नाहीत, म्हणून प्रत्येक घराला असा कट्टा नकाशातच दिला आहे. जिन्याच्या खिडक्यांना काचेऐवजी स्थिर लोखंडी लूव्हर आहेत. त्यांतून ऊन कमी येते आणि ते बंद करता येत नाहीत. लोकांनी नियम मोडू नयेत असे वाटत असेल तर नियम पाळणे त्यांना सोसवेल असे बांधावे लागते.

चॅनल गेटबद्दल थोडक्यात. चोरीची भीती खरी आहे, रात्री गेट लागणारच. पण कुलूप किल्लीचे आणि किल्ली चौकीदाराच्या खिशात, असे चालणार नाही. आतून किल्लीशिवाय एका हाताने उघडणारी कडी आणि बाहेरून कुलूप, एवढा बदल कोणताही फॅब्रिकेटर करून देतो. गच्चीच्या दारालाही तेच.

दर्शनी भागाचा एक धोका नकाशात दिसतच नाही. गाळ्याच्या शटरमधून बाहेर पडलेली ज्वाळा भिंतीला चिकटून वर चढते आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरते. म्हणजे स्लॅब शाबूत असूनही आग बाहेरून फिरून वर येते. त्यासाठी गाळ्यांच्या वर सलग काँक्रीटचा छज्जा घेतला आहे, आणि छज्जा व वरची खिडकी यांच्यामध्ये सुमारे 900 मिलिमीटर भरीव भिंत. पण पुढे त्याच भिंतीवर पहिल्या मजल्याच्या खिडक्या झाकणारा शिकवणी वर्गाचा मोठा फ्लेक्स लागतो. फ्लेक्स पेटतो, टपकतो आणि आतल्या मुलांची खिडकीही बंद करतो. फलकाची परवानगी आपलेच कार्यालय देते. ती देताना अहवालातले दर्शनी भागाचे पान उघडून पाहावे.

या अहवालाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दोन तासांचा सगळा हिशेब गाळ्यांत ठरावीक माल राहील या गृहीतावर आहे. कृषी केंद्राचे गोदाम म्हणून मागचा गाळा वापरला, किंवा हंगामात कापसाच्या गाठी आणून ठेवल्या, तर आगीचा जोर वाढेल आणि हिशेब तुटेल. म्हणून गोदाम या इमारतीत नसावे, गाळ्यात फक्त विक्रीपुरता माल असावा, ही अट आम्ही मालकाच्या संमतीने घातली आहे. तसेच चालता न येणारी म्हातारी माणसे दोन्ही जिने असूनही स्वतः उतरू शकणार नाहीत. त्यांच्यासाठी घराचे मुख्य दार भरीव आणि आपोआप बंद होणारे ठेवले आहे, म्हणजे दार लावून, खाली ओले कापड कोंबून, बाहेरच्या खिडकीशी थांबता येईल. ही पूर्ण सोय नाही, पण 24 मीटरच्या आतल्या इमारतीत बांधकामाने एवढे तरी देता येते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे उपाययोजना सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र मालकाने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. ही प्रमाणपत्रे बहुधा अग्निशामकांच्या तारखा आणि पंपाच्या चाचणीपुरती येतात. या इमारतीच्या प्रमाणपत्राला जोडायचा एक तक्ता अहवालाच्या शेवटी दिला आहे. त्यात प्रत्येक आगरोधक दार, प्रत्येक डक्टची भरणी, पहिल्या मजल्याचा बोळ, जिन्याच्या खिडक्या आणि दोन्ही गेटच्या कड्या क्रमांकाने लिहिल्या आहेत. या तक्त्याशिवाय प्रमाणपत्र घेऊ नये. जुलैच्या तपासणीत जिन्याच्या खिडक्यांना उन्हाळ्यातले पत्रे उरलेले असतील तर ते तिथेच सापडतील.

इमारतीच्या तळमजल्याचे कॉलम भरून झाले आहेत. आता गाळ्यांवरच्या स्लॅबचे सेंट्रिंग सुरू होईल. माझी कार्यालयाला मागणी एवढीच आहे की तिसऱ्या शेऱ्यावरचा हा खुलासा फाइलला जोडावा, दोन जिन्यांचा सुधारित नकाशा मंजूर करावा आणि तीन वेळा जागेवर माणूस पाठवावा. एकदा या स्लॅबचे काँक्रीट पडण्याआधी कव्हर पाहायला, एकदा डक्टना प्लास्टर लागण्याआधी आणि एकदा तारा ओढून झाल्यावर भरणी पाहायला. प्लास्टर लागल्यावर किंवा काँक्रीट पडल्यावर आलात तर मलाही काही दाखवता येणार नाही. ठेकेदाराने तारीख कळवली की मी दोन दिवस आधी कार्यालयात लेखी देईन आणि पट्टी, नकाशे व पाइपांची यादी घेऊन जागेवर हजर राहीन.

आपला विश्वासू,
एक अग्निसुरक्षा अभियंता